मधल्या सीसाठी थांबलेला चहा

आमच्या घराण्यात पहिली डिग्री माझी, तीही फार्मसीची. अमरावतीला कॉलेज करून वलगावला घरी परतताना मी पांढरा कोट घडी न करता हातावर टाकून यायचे, स्टँडपासून घरापर्यंत सगळ्यांना दिसावा म्हणून. आता मी अकोल्यात, जुन्या शहरातल्या एका मेडिकलमध्ये काउंटरवर असते. आम्ही दोघं नवरा-बायको राहतो जठारपेठेत.

त्या वेळी आई आठ-पंधरा दिवसांसाठी आली होती. तिला थायरॉइडची गोळी असते, रोज सकाळी, उपाशीपोटी, चहाच्या आधी. पहिल्याच सकाळी पिशवी उपसली तर गोळी वलगावलाच राहिलेली.

"फिरजवर मागच्या टायमाची पट्टी पडली हाये ना," आई म्हणाली. "तीच ती पांढरी. दे, अन् चहा टाक."

ती पट्टी पंचाहत्तर एमसीजीची, म्हणजे मायक्रोग्रॅमची होती. मधल्या काळात आईची छाती धडधडायला लागली म्हणून अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी गोळी बदलली होती, इतकंच मला ठाऊक. किती केली ते आईला सांगता येईना. चिठ्ठी बाबांनी जपून ठेवलेली, म्हणजे सापडत नव्हती. उगाच पंचाहत्तर दिली आणि धडधड परत सुरू झाली तर? मी गॅस बंद केला आणि बाबांना वलगावला राहिलेल्या पट्टीचा फोटो मागितला.

फोटो आला. त्यात पट्टीपेक्षा बाबांचा अंगठा मोठा. औषधाच्या नावावरच अंगठा, वर फ्लॅशची चकाकी. खाली बासष्ट, मग थोडी जागा, मग पाच. त्या जागेत टिंब आहे की नाही ते कळेना, कारण त्या चकचकीत कागदावर बारीक ठिपक्यांची जाळीच उठलेली असते. पुढे एम, काहीतरी पुसट, जी.

आमचे हे खांद्यावरून डोकावले. "सहाशे पंचवीस आहे. दाढ काढली तेव्हा मी हीच खाल्ली."

"ती अँटिबायोटिक होती. नाव कुठं दिसते यात?"

"मग तुले काय दिसते?"

थायरॉइडमध्ये साडेबासष्टची गोळी येते हे मला माहीत होतं. म्हणूनच भीती वाटली. माहीत असलेलं टिंब डोळा आपणच बसवून घेतो. मी डॉक्टरबाईंना मेसेज केला, त्यात बासष्ट आणि पाचच्या मध्ये प्रश्नचिन्ह टाकलं, एम आणि जीच्या मध्येही टाकलं. मग बाबांना फोन लावला.

"बाबा, दारात उजेडात या. फ्लॅश बंद करा, पट्टी जराशी तिरपी धरा. अन् काय दिसते ते वाचा. सुधारू नका."

"बासष्ट, टिंब, पाच," बाबा सावकाश वाचू लागले. सातवी शिकलेला माणूस, पण इंग्रजी अक्षरं पक्की. "यम, सी, जी. माय, हे छापणाऱ्याचं चुकलं वाट्टे. सगळ्या गोळ्यायवर यमजी राह्यते. मी मंधातला सी सोडून सांगू काय?"

"सोडू नका बाबा. त्या सीनं हजारपट फरक पडते."

"बरं. अन् खाली दोनशे पन्नास बी हाये. त्यातलं शून्य बारीक हाये, वर चढून बसलं."

"त्याच्यापुढं मोठा सी आहे का?"

"हाये."

"मग ते पंचवीस डिग्री. गोळी किती थंडाव्यात ठेवायची ते."

"अस्सं. मंग आपल्या घरात उन्हाळ्यात कुठं ठेवाव हिले?"

दुसरा फोटो स्वच्छ आला. नाव होतं, टिंब होतं, सी होता. तोही जसाच्या तसा डॉक्टरबाईंना पाठवला.

इकडे आई ओट्यापाशी उभी. "जावाईबुवा, तुमची बायको दुकानात बी गिऱ्हाइकाले अशीच उपाशी ठेवते काय?"

"दुकानात चहा नसते ना मामी, म्हणून चालून जाते," हे म्हणाले.

डॉक्टरबाईंचं उत्तर आलं. साडेबासष्टच. पंचाहत्तरनं धडधड होत होती म्हणून कमी केली. आजचा एक दिवस चुकला तर चालेल, पण पंचाहत्तर देऊ नका.

मी फ्रिजवरची पट्टी उचलून पर्समध्ये टाकली आणि चहा ठेवला. आई दोन कप प्याली, दुसरा माझ्यावरचा राग म्हणून. संध्याकाळी दुकानातून साडेबासष्टची पट्टी आणली. दुसऱ्या दिवशी तिनं गोळी घेतली आणि पलंगावर बसून राहिली. मी मनगट धरलं. नाडी शांत होती.

"कावून पाह्यतं वं? बरी हावो मी," ती म्हणाली. हात मात्र काढून घेतला नाही.

आता आई यायची असली की बाबा गोळ्या स्वतः पिशवीत भरतात. तरीही निघायच्या आधी फोटो येतोच, दारातल्या उजेडातला, पट्टी तिरपी, अंगठा पार खाली कोपऱ्यात. वरून फोन. "बासष्ट, टिंब, पाच. यम, सी, जी. सी सोडला नाही, माय."