रेझ्युमेत नसलेला स्टार्टर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी दोन कंपन्यांनी माझा रेझ्युमे वाचला आणि मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. तिसरी कंपनी पुण्याची, कारखान्यांना कंट्रोल पॅनल बनवून देणारी. आमच्या इलेक्ट्रिकल शाखेसाठी सोलापुरात येणारी त्या वर्षीची तीच शेवटची. ती हुकली असती, तर माढ्याला घरी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं ‘मग, पुढं काय?’ ऐकत राहायचं होतं. त्या विचारानंच माझं डोकं फिरायचं.

रेझ्युमे संध्याकाळी पाचपर्यंत अपलोड करायचा होता. दुपारी दोन वाजता मी मशीन लॅबमध्ये लॅपटॉप उघडून बसले, कारण वाय-फाय तेवढं तिथंच धड चालायचं. शेजारी माझी रूममेट, अक्कलकोटकडची, भलती फटकळ. तिला आधीच नोकरी लागली होती, त्यामुळं तिला सल्ले द्यायला भरपूर वेळ होता. पलीकडं लॅब असिस्टंट शेंगाची चटणी-भाकरी खात होते. त्यांना अख्खं कॉलेज मामा म्हणायचं.

“कंपनीला काय पाहिजे ते एकेक ओळ वाच,” रूममेट म्हणाली, “आणि ते तुझ्या कागदावर कुठं आहे तिथं बोट ठेव.”

पहिली ओळ होती, बिघाड शोधून दुरुस्त करता येणे. माझं बोट ‘मेहनती’वरून ‘पायथॉन’वर, तिथून ‘मशीन लर्निंग’वर गेलं आणि कागद संपला. दुसरी ओळ, वायरिंगचं ड्रॉइंग वाचता येणे. तेही नव्हतं. तिसरी, पीएलसीची प्राथमिक ओळख. पीएलसी म्हणजे कारखान्यातलं मशीन चालवणारा छोटा संगणक. हे मात्र सापडलं. मी लिहिलं होतं, ‘पीएलसी: एक्स्पर्ट’. आयुष्यात त्यावर मी चार प्रॅक्टिकल केली होती.

“आणि हे छंदात काय गं? क्रिकेट, टीमचा कॅप्टन?”

“ते सीनियरचं राहिलं,” मी पुटपुटले. एका सीनियरची फाईल आमच्या अख्ख्या बॅचमध्ये फिरत होती. नाव आणि फोटो बदलला की झाला रेझ्युमे!

ती पोट धरून हसली. मी भडकले. “हसतीस काय? आता तीन तासांत नवीन आयुष्य जगून येऊ का मी?”

मामांनी डबा मिटला. “मग त्यो कोपऱ्यातला स्टार्टर कुनी नीट केला गं? मी केला व्हय?”

तो स्टार्टर म्हणजे मोठी मोटर सुरू करायचं पॅनल; मोटर आधी स्टार जोडणीत कमी जोरानं सुरू करून मग डेल्टा जोडणीत पूर्ण जोरावर टाकायचा. पण तो बिघडला होता. स्टार सुटायचा, डेल्टा लागायचाच नाही, आणि मोटर हळूहळू थांबायची. मागच्या वर्षी मी चार दिवस मल्टिमीटर घेऊन त्याच्यामागं लागले होते. स्टारच्या कॉन्टॅक्टरचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचचा, एक छोटा संपर्क परत जुळतच नव्हता, म्हणून डेल्टाला वीजच पोचत नव्हती. तो बदलला आणि पुढच्या पोरांसाठी वायरिंगचं ड्रॉइंग काढून पॅनलच्या दारात आतून चिकटवलं.

“ते नुसतं काम होतं मामा. प्रोजेक्ट थोडंच होतं?”

“आन त्या कंपनीवाल्यास्नी काय शोभेचं मानूस पायजे हाय का?”

रूममेटनं तोवर लॅपटॉप स्वतःकडं ओढला होता. ‘दुरुस्तीत मदत केली’ असं मी लिहिलं, तर तिनं ते खोडलं. “मदत कुणाला केलीस? बिघाड तूच शोधलास ना, मग तसं लिही.” स्टार्टरचं काम वर आलं, त्याखाली ड्रॉइंग. पायथॉन गेलं, मशीन लर्निंग गेलं, कॅप्टनही घरी गेला. ‘एक्स्पर्ट’ काढताना मात्र माझा जीव वरखाली झाला. तिथं लिहिलं, ‘पीएलसी: प्राथमिक, चार प्रॅक्टिकल’. पाचला दहा कमी असताना फाईल गेली.

या वेळी मुलाखतीला बोलावणं आलं. समोरच्या साहेबांनी नेमकं स्टार्टरच्या ओळीवर बोट ठेवलं. “डेल्टा का लागत नव्हता?” मी कागद मागितला आणि सगळं सर्किट काढून दाखवलं. मग ते म्हणाले, “बाकीचे सगळे पीएलसीत एक्स्पर्ट आहेत. तुम्हीच तेवढ्या प्राथमिक?”

“चारच केलीत सर. पण त्या चारांतलं काहीही विचारा.”

त्यांनी विचारलं. मी एकदा चुकले, खोडून पुन्हा काढलं. मग त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं, आणि मी घाबरून बाहेर आले.

संध्याकाळी यादी लागली, त्यात मी होते! पेढे घेऊन लॅबकडं पळत सुटले. मामांनी पेढा तोंडात टाकला, मला कोपऱ्यात नेलं आणि पॅनलचं दार उघडलं. माझं ड्रॉइंग कडेला पिवळं पडलं होतं.

“दुसऱ्याचं कॅप्टनपन कागदावर मिरवत हुतीस,” ते म्हणाले, “आन हितं सोताचं नाव घालाय इसरलीस. घाल की आता.”

त्यांनी खिशातला पेन पुढं केला. मला रडू आलं, पण नाव मात्र ठळक लिहिलं.