आनंदाच्या फोनमधलं तूस

आनंदा म्हात्रे या माणसाला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगतो. अंबरनाथच्या एका कंपनीत आम्ही बरोबर होतो, तो पॅकिंगला, मी वायरमन. चहाच्या सुट्टीपुरती ओळख. निवृत्तीनंतर तो चामटोलीला भातशेतीत रमला, मी अंबरनाथलाच राहिलो. मग फोनवर बोलू लागलो. बोलायचा तोच, मी हुंकार द्यायचो. त्याच्या घरच्यांनी त्याच्याबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा मला हा एकच प्रसंग नीट आठवला.

त्याची मुलगी शलाका परदेशात नर्स आहे. दर रविवारी तिचा फोन येई. आनंदाला कमी ऐकू यायचं, म्हणून तो इअरफोन लावून पडवीत बसायचा. भाताची झोडणी संपली त्या आठवड्यात इअरफोन बंद पडले. वायर लावली तरी आवाज फोनमधूनच बाहेर. शलाका सांगत होती, "बाबा, एक मुलगा आहे..." आणि पडवीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. आनंदाने घाबरून फोन कापला. बाबा रागावले, असं तिला वाटलं. येत्या रविवारी ती पुन्हा लग्नाचं विचारणार होती आणि त्याला हो म्हणायचं होतं, पण तिचं म्हणणं सगळं ऐकून घेऊन, एकट्याने.

"कॅम्प पाचच्या बाजारात फोन देऊन टाकतो दुरुस्तीला," तो मला म्हणाला.

तोंडी मला नीट सांगता येईना. मग फोनवर मेसेज लिहिला. दुपार गेली त्यात.

"आनंदा, फोन लगेच देऊ नकोस. आधी वायर बिघडली की फोन, ते बघ. तुझे इअरफोन सुनेच्या फोनला लाव. गोल पिनेचाच फोन हवा. कव्हर काढ, पिन पूर्ण आत जाऊ दे. एखादं गाणं लाव, दोन्ही कानांनी ऐक, पिनेजवळ वायर थोडी हलवून बघ. तिथेही बंद असेल किंवा मध्येच तुटत असेल, तर वायर गेली, नवी घे. तिथे नीट वाजलं, तर वायर चांगली. मग उलट कर. सुनेचे चालणारे इअरफोन तुझ्या फोनला लाव. तेही वाजले नाहीत, तर दोष फोनकडे. दोन्हीकडून बघितल्याशिवाय ठरवू नकोस. माझं चुकत असेल तर कोणाला तरी विचार."

त्याचं उत्तर आवाजी मेसेजने आलं. "अरे, पत्र लिवलंस की पोथी? वाचेपर्यंत चहा गार झाला! सुनेच्या, हर्षदाच्या फोनवर दोन्ही कान वाजतात. वायर हलवली तरी वाजतात. तिची वायर माझ्याला लावली, तर मुकी. म्हणजे फोनच गेला ना रे?"

शनिवारी सकाळी तो कॅम्प पाचला निघाला, तेव्हा मीही रिक्षा करून गेलो.

दुकानदाराने बघितल्याबरोबर नवे इअरफोन पुढे केले. "काका, ये ले जाओ, एकदम कडक आवाज."

"वायर खराब नाय," आनंदा म्हणाला. "सुनेच्या फोनवर वाजते. तिची वायर माझ्या फोनवर नाय वाजत. मग ही कशाला घेऊ?"

दुकानदार हसला. "पूरा टेस्ट करके आये हो! तो फिर खोलना पड़ेगा. मंगल को ले जाना."

मंगळवार म्हणजे रविवार गेला. आनंदाने फोन काउंटरवर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

मी विचारायला कचरत होतो. शेवटी विचारलं, "पिनेच्या भोकात जरा बॅटरी मारून बघता का?"

त्याने मारली. बघून फोन बंद केला, लाकडी काडी घेतली, हलक्या हाताने कोरून काढलं. काउंटरवर पडलं भाताचं तूस, घामाने नि धुळीने घट्ट बसलेलं.

"काका, फोन है या कोठार?"

"झोडताना खिशात होता," आनंदा म्हणाला. "मीच पिन दाबून दाबून आत ठोकलं असणार."

फोन चालू करून आनंदाने जुनीच वायर लावली. पिन टक्कन बसली. त्याने इअरफोनचा एक बोळा माझ्या कानात घातला. बासरी वाजत होती.

रविवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. शलाका तासभर बोलली, मुलाचं नाव, गाव, त्याची आई, सगळं. "शेवटी मी हो म्हटलं, तर पोरगी रडायलाच लागली. पडवीत कोणाला कळलं नाय."

शलाकाची हळद ठरली. तिच्या दोन आठवडे आधी आनंदा झोपेतच गेला. हळद नंतर साधेपणाने झाली. तिथे शलाका मला भेटली.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी त्याने फोन केला होता.

"हळदीला सकाळी येशील की दुपारी?"

"सकाळीच येतो."

"मग घरून खाऊन नको येऊ. पोहे हायत."

"बरं."