टिकली लावलेला डबा

बायको सकाळच्या एसटीनं गंगापूरला नोकरीला जायची, त्यामुळे पहिलीतल्या लेकीचा डबा मीच भरायचो. आणि तो भरलेलाच घरी यायचा. रोज नाही; एखाद्या दिवशी चाटूनपुसून साफ, मग दोन दिवस जसाच्या तसा. पोरीची हाडं दिसायला लागली तशी माझी झोप उडाली. गावाहून आई फोनवर म्हणायची, "लेकरू लई वाळलं रं. डब्यात देतो तरी काय?" मी चिडून फोन ठेवायचो आणि पुन्हा गाजराची फुलं कापत बसायचो.

त्यातच शाळेनं नवी टूम काढली. सकाळी भरलेल्या डब्याचा वरून फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. मॅडम ते नावाशिवाय छापून फळ्यावर लावणार, आणि जो डबा खावासा वाटेल त्याला प्रत्येक मूल एक टिकली चिकटवणार. मग पालकसभेत पोळी, कडधान्य, भाजी, फळ सगळं आहे का, रस्सा पोळीत उतरलाय का, हे मॅडम बघणार. मला धसकाच बसला. इतरांचं जाऊ द्या, पण लेकीनं तरी टिकली आपल्या डब्याला लावावी.

मी पोळीचे रोल उभे लावले, मटकीची उसळ वाटीत घातली, पेरूच्या फोडी कडेला, वर गाजराची फुलं, आणि डब्याची कड फडक्यानं पुसून फोटो काढला.

शाळा सुटल्यावर सभा होती. माझ्या फोटोवर टिकल्यांची गर्दी झाली होती. शेजारची एक आई कृती विचारायला लागली, पण माझं लक्ष हिरव्या टिकलीकडं होतं. हिरवी लेकीनं आदल्या दिवशीच मॅडमकडून हट्टानं मागून घेतलेली, वर्गात तेवढी एकच. ती एका गोल स्टीलच्या डब्यावर होती. आत नुसती गूळपोळी आणि तेल सुटलेली शेंगदाण्याची चटणी. मला खरंच लागलं.

मी लेकीला जवळ घेऊन विचारलं, आपली उसळ आवडत नाही का? आवडते म्हणाली. मग गूळपोळी जास्त आवडते? तिनं नाही म्हणून मान हलवली आणि फोटोत डब्याशेजारी ठेवलेल्या झाकणावर बोट ठेवलं.

"याचं झाकण निघतं, पप्पा."

"आणि आपलं?"

"मॅडम असल्या की काढून देतात. नसल्या की मी पाणी पिते."

आमचा डबा चारी बाजूंनी खटके असलेला. उसळ सांडू नये म्हणून मीच घट्ट बघून आणलेला. तिनं तो दप्तरातून काढला, पोटाशी धरला, दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला. नखं पांढरी पडली, खटका हलला नाही. मग सवयीनं तिनं डबा माझ्यापुढं केला.

मॅडम पहिल्या नंबरासाठी मला पुढं बोलावत होत्या. मी खटके उघडले. सकाळची गाजराची फुलं जागची हलली नव्हती.