लाल ओळी, निळ्या ओळी आणि सेवकरामचा पडदा

शाळेच्या हजेरीपत्रकात सेवकराम शिपाई होता. पण कोणी काम विचारलं की तो आधी सांगायचा, "मी पडदेवाला आहो." तरुणपणी धान घरी आलं की हा गडी नाटक मंडळीसोबत गावोगाव हिंडायचा, आणि विंगेत दोर धरून रात्र काढायचा. नायकाला टाळ्या मिळायच्या, खलनायकाला शिव्या मिळायच्या आणि सेवकरामला उभं राहून राहून पायाला मुंग्या मिळायच्या. तरी त्याला त्या कामाचा भारी तोरा. पडदा वेळेवर पडला नाही तर मेलेला माणूस उठून चालायला लागतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

कोंढा आणि आसगावच्या मधल्या त्या शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग. दरवर्षी जानेवारीत गॅदरिंग व्हायचं आणि दरवर्षी शेवटचा कार्यक्रम कापला जायचा, आणि खापर पाहुण्यांच्या भाषणांवर फुटायचं. शेवटचा म्हणजे कोणाचा? मोठ्या वर्गाचा. लहान लेकरं पेंगतात म्हणून त्यांचं आधी, मोठ्यांचं नंतर, अशी शाळेची रीत. मग पाच दहाची एसटी शाळेच्या फाटकासमोर येऊन उभी राहायची आणि अर्ध्या पोरी नाचाच्या साड्यांत तशाच बसमध्ये चढायच्या.

मागच्या वर्षी आठवीच्या पोरी कमी होत्या, म्हणून सातवीच्या घेऊन एकच नाच बसवला होता. त्यात सेवकरामची पोरगी गुड्डी होती. महिनाभर सराव झाला, त्याची बायको रुखमानं स्वतःचं लुगडं कापून पोरीला घागरा शिवला, आणि पावणेपाचला मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, माइकवर सांगितलं, वेळेअभावी पुढील कार्यक्रम रद्द. गुड्डी रडली नाही. घरी आली, तोंड धुतलं, घागरा पेटीत ठेवला आणि त्यावर पुन्हा एक शब्द बोलली नाही. सेवकरामला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं. आता गुड्डी आठवीत होती. पुढच्या वर्षी ती अड्याळच्या शाळेत जाणार, म्हणजे या रंगमंचावर नाचायची ही शेवटचीच संधी होती.

यंदा गॅदरिंगचं काम रिता मॅडमकडे आलं. मॅडम नव्या, अंगात उत्साह मावत नव्हता. त्यांनी शाळेला तिच्या आयुष्यात पहिल्यांदा मिनिटांचं वेळापत्रक दाखवलं. कार्यक्रम कोणता, कोण करणार, माइक किती, कोण आत तयार उभं राहणार, सगळं रकान्यांत. पाहुण्यांची भाषणं, अहवाल, बक्षिसं असलं मोठ्यांचं लाल शाईत, मुलांचं निळ्या शाईत. एक वाजता दीपप्रज्वलन आणि सत्कार, एक पंचेचाळीसला पहिला नाच, मग एकास एक लागून चोवीस कार्यक्रम, मध्ये पन्नास मिनिटं लाल, आणि चार पस्तीसला संपलं. एसटीच्या आधी पस्तीस मिनिटं शिल्लक. मॅडम खूश, मोठे सर धनंजयसुद्धा खूश.

सेवकराम चहा द्यायला गेला होता. त्यानं कागद उचलला, वाचला, पुन्हा वाचला.

"मॅडम, सामान बदलायले वेळ कुठी हाय?"

"म्हणजे?"

"एक नाच संपला की झोपडी उचला, खुर्च्या मांडा, माइक सरकवा, पोट्टे रांगेत लावा. दोन मिनिटं त जातेच. चोवीस कार्यक्रम, मधी तेवीस अदलाबदली. सेहेचाळीस मिनिटं. तुमचा कार्यक्रम पाच एकवीसले संपून राहिला."

मॅडमनी पेन्सिल घेऊन बेरीज केली. चेहरा पडला. मग म्हणाल्या, "भाऊ, म्हणजे दरवर्षी पाहुण्यांना उगाच शिव्या घातल्या आपण."

"शिव्या त्याहीच्या हक्काच्या हायेतच," सेवकराम म्हणाला, "पण निम्म्याच."

मग त्यानं मंडळीची युक्ती सांगितली. नाटकात मागे सामान बदलत असताना पुढे प्रेक्षकांना रिकामं बसवत नाहीत. दर्शनी पडदा पाडतात, त्याच्यापुढे दोन पात्रं येऊन बोलतात, आणि त्यांचं बोलणं होईस्तोवर मागे राजवाड्याचं जंगल झालेलं असतं. आपल्याकडे पडद्यापुढे करण्यासारखं किती आहे? भाषणं आहेत, बक्षिसं आहेत, एकट्याची गाणी, कविता आहेत. त्याला झोपडी लागत नाही, चार फूट जागा आणि एक माइक लागतो. पन्नास मिनिटांची लाल ओळ एका जागी कशाला? तिचे तुकडे करा. पाचवीची बक्षिसं पुढे वाटा, मागे सहावीचं सामान लावा.

रिता मॅडम त्या दिवशी शाळा सुटल्यावरही उठल्या नाहीत. नवं पत्रक झालं. त्यात सगळ्या अदलाबदली पडद्यामागे लपल्या आणि शेवट पुन्हा चार पस्तीसला आला, यावेळी खराखुरा. खाली त्यांनी एक ओळ लिहिली: उशीर झाल्यास लाल ओळी कापाव्यात, निळ्या नाहीत. मोठ्या सरांनी खाली सही केली. वाचून केली की नाही, देव जाणे.

गॅदरिंगच्या दिवशी बिछायतवाल्यानं मंडप टाकला, मरून रंगाचा पडदा लावला आणि सेवकरामनं दोराला तेल दिलं. पत्रकाची एक प्रत त्याच्या खिशात, एक मॅडमच्या हातात, एक माइकपाशी. सगळं ठीक. पण सत्काराला तीन पाहुणे यायचे ते नऊ आले. कोणी माजी सरपंच, कोणी होणारे सरपंच. बोलावलं नव्हतं म्हणून परत कसं पाठवायचं? नारळ कमी पडले तेव्हा आधी दिलेले नारळ टेबलाखालून परत आणून पुन्हा दिले. वीस मिनिटं तिथंच गेली.

मग मुख्य पाहुणे भुपेंद्रभाऊ उठले. राइस मिलचे मालक, शाळेला पाण्याची टाकी दिलेली, माणूस मोठ्या मनाचा. त्यांना पडद्यापुढे सहा मिनिटं दिली होती. पहिली सहा मिनिटं त्यांनी मान्यवरांची नावं घेतली. मग लहानपण सुरू झालं. अनवाणी शाळेत येणं झालं, गुरुजींचा मार झाला, मग मिलची पहिली मशीन आली. रिता मॅडमनी चिठ्ठी दिली, त्यांनी ती वाचून खिशात घातली. दुसरी दिली, तिचे आभार मानले. तेहेतीस मिनिटं झाली. प्रेक्षकांतली लेकरं आता खुर्च्यांखाली फिरत होती.

भाषण संपलं तेव्हा घड्याळात तीन तेहेतीस वाजले होते, सेवकरामच्या पत्रकात तीन सहा. विंगेत मोठे सर घामेघूम होऊन आले. "मॅडम, सत्तेचाळीस मिनिटं... नाही, सत्तावीस..."

"एकूण सत्तावीस, सर. सुरुवातीची वीस त्यातच नाहीत का?"

"नाई मॅडम," सेवकराम म्हणाला. "भाषण तिनाले उभं राहिलं, दोन चाळीसच्या जागी. ते वीस वेगळे. पत्रकात भाषण दोन शेहेचाळीसले संपाचं होतं. तीन सहा मी पेनानं लिवलं होतं, वीस जोडून. उशीर सत्तेचाळीसचाच हाय. शेवट पाच बावीसले."

"मग आठवीचं रद्द करा," मोठे सर म्हणाले. "बस चुकली तर पालक माझ्या घरी येतील."

रिता मॅडमनी पत्रकाच्या तळाची सही दाखवली. लाल ओळी तीन उरल्या होत्या: सरांचा अहवाल आठ मिनिटं, दुसऱ्या पाहुण्यांचं मनोगत पाच, आभार चार. सतरा मिनिटं. तेवढी कापली तर पाच पाचला संपत होतं.

"पण सेवकरामच्याच युक्तीप्रमाणे या भाषणांमागे सामान बदलायचं आहे ना?" सर म्हणाले. "भाषण काढलं तर बदल उघडा पडतो. परत चार मिनिटं वाढली, म्हणजे बस गेली." मग सेवकरामकडे वळून हळूच म्हणाले, "तुमची पोरगी आहे म्हणून तर नाही ना?"

सेवकरामला ते लागलं. क्षणभर त्याला वाटलं, नाही म्हणावं. पण खोटं कशाला बोलायचं?

"हाव सर. माहीच पोरगी हाय, म्हणून मी कालपासून झोपलो नाही. पन मिनिटं माह्या पोरीची नाहीत, ते मोजून पाहा." त्यानं पडद्याची कड थोडी सरकवली. "भुपेंद्रभाऊ बोलत होते तवा मी रिकामा नव्हतो."

मागे रंगमंच तयार होता. त्या तेहेतीस मिनिटांत त्यानं पुढचं सामान आणून विंगेत ओळीनं लावलं होतं. शिवाय सहावीच्या नाटिकेला शेताचा मोठा पडदा लागायचा आणि आठवीच्या रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, नाचालाही शेतच लागायचं. पत्रकात दोन्ही लांब लांब होते. ते लागून घेतले की शेत एकदाच टांगायचं, एक बदल गेला. पाचवीतल्या रुचिताची कविता सरांच्या अहवालाच्या जागी पडद्यापुढे आणली की दुसरा बदल तिच्यामागे लपला. चार मिनिटं पुन्हा मिटली.

मोठ्या सरांनी मिनिटं पुन्हा मोजली. अहवालाची बारा पानं त्यांच्या हातात होती, रात्र जागून लिहिलेली. ती त्यांनी घडी करून खिशात घातली. "अहवाल सूचना फलकावर लावा," ते म्हणाले. सेवकरामला त्या घडीत त्यांची दया आली आणि मायाही आली.

पुढचा दीड तास त्यानं श्वास घेतला की नाही कोण जाणे. पडदा वर, पडदा खाली, "चला पोट्टेहो, झोपडी उचला," पडदा वर. रुचितानं कविता चुकत चुकत म्हटली आणि नेमकी दोन मिनिटं घेतली. नाटिकेतला म्हातारा मिशी पडूनही बोलतच राहिला. चार एकोणसाठला आठवीच्या चौदा पोरी शेताच्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या, कंबरेला पदर खोचून, हातात धानाच्या पेंड्या. गाणं सुरू झालं.

पडदेवाल्याला नाच समोरून कधीच दिसत नाही. सेवकरामला दिसत होता गुड्डीचा एक खांदा, एक हात आणि वळताना अर्धा चेहरा. तेवढ्या अर्ध्या चेहऱ्यात ती हसत होती. हे हसू त्यानं वर्षभरात पाहिलं नव्हतं. पोरी वाकत होत्या, रोवत होत्या, मागे सरकत होत्या, आणि मंडपातल्या बाया, ज्यांनी आयुष्यभर चिखलात हेच केलं होतं, त्या ठेक्यावर टाळ्या वाजवत होत्या. रुखमा कुठेतरी त्यांच्यातच होती.

पाच पाच. गाणं थांबलं. पोरी पेंड्या डोक्यावर धरून पुतळ्यागत उभ्या राहिल्या. टाळ्या कडकडल्या. आता पडदा.

सेवकरामच्या हातात दोर होता आणि हात हलेना. बावीस वर्षांत त्याच्या हातून पडदा एकदाही उशिरा पडला नव्हता. टाळ्या थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, एका पोरीची पेंडी थरथरायला लागली. तरी तो बघतच होता.

गुड्डीनं मान न वळवता, ओठ न हलवता विंगेकडे शब्द टाकला.

"बाबा, हात दुखून राहिले. पडदा ओढा ना."

त्यानं पडदा ओढला. पोरी सामान गोळा करून फाटकाकडे पळाल्या, तेव्हा एसटी नुकतीच येऊन उभी राहत होती. रिता मॅडम पेन घेऊन आल्या. पत्रकात प्रत्यक्ष वेळेचा रकाना भरायचा होता.

"अर्धं मिनिट उशीर आहे, भाऊ. कोणाच्या नावावर लिहू?"

"माह्या," सेवकराम डोळे पुसत म्हणाला. "लाल शाईनं लिवा."