पाच फूट सात इंच

वहिनींच्या नवऱ्याला सगळे बिल्डर लोक फूटपट्टी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट, आपली गणना निदान उपयोगी वस्तूंत होते, असं तो वहिनींना सांगायचा.

नवराबायकोचा धंदा एकच होता. रिकाम्या प्लॉटचा फोटो घ्यायचा आणि त्यावर कंपाउंडची भिंत, फाटक, झाडं चढवून द्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाला पुढं काय होणार ते दिसतं. फोटो नवऱ्याचा, चढवणं वहिनींचं. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक मोठा स्क्रीन आणि दोन खुर्च्या एवढंच त्यांचं ऑफिस.

नवऱ्याची पद्धत ठरलेली. तिकाटण्यावर कॅमेरा बसवायचा आणि टेपनं मोजून भिंग जमिनीपासून बरोबर पाच फुटांवर आणायचं. मग दहा सेकंदांचा टायमर लावून पळत जायचं, आणि जिथं भिंत येणार त्या हद्दीवर ताठ उभं राहायचं. उंची पाच फूट सात इंच. वहिनी फोटोवर आधी क्षितिजाची आडवी रेषा ओढत. कॅमेरा पाच फुटांवर असल्यामुळे सपाट जागेत पाच फुटांची कुठलीही वस्तू, जवळची असो की लांबची, त्या रेषेलाच टेकते. ही एक साक्ष. दुसरी साक्ष नवरा. त्याच्या उंचीवरून भिंत मोजायची, रेषेशी ताडून बघायची, दोन्ही जुळलं की मग झाडं आणि फाटक. शेवटी नवऱ्याला पुसून टाकायचं. असं चारएकशे वेळा वहिनींनी त्याला पुसलं असेल, तेही दुसऱ्या हातात चहाचा कप धरून.

बाकीची मंडळी असल्या भानगडीत पडत नाहीत. फाटक जरा बारीक केलं, भिंत जरा बुटकी केली, की प्लॉट ऐसपैस दिसतो. नवऱ्याला याची भयंकर चीड. "उद्या माणूस गाडी घेऊन येईल आणि ती आत वळणार नाही. मग कुणाच्या नावानं खडे फोडायचे?" असं म्हणून त्यानं दोन चांगली गिऱ्हाइकं घालवली होती.

तो जाऊन पाच महिने झाले. पाठीच्या मणक्यांतच आजार होता. कळलं तेव्हा उशीर झालेला होता आणि पुढचं सगळं दीड महिन्यात आटोपलं.

मग एका सकाळी बिल्डरचा फोन आला. कोपऱ्यावरच्या साठ फुटी प्लॉटची परवानगी अडकली होती, ती सुटली होती. "फोटो भाऊंनी मागंच काढलेत, वहिनी. तुम्हाला जमेल का? नाहीतर दुसरीकडे देतो, राग नाही." वहिनी म्हणाल्या, जमेल. त्यानं फोटो काढलेलं हे शेवटचं काम होतं. दुसऱ्या कुणी त्यावर फाटक चढवलेलं त्यांना चाललं नसतं.

तीन फोटो होते. पहिल्यात नवरा पाठमोरा, अजून अर्ध्या वाटेवर. दुसऱ्यात हद्दीवर पोचून वळता वळता. तिसऱ्यात उभा. वहिनींना आठवलं, त्या दिवशी हे फोटो बघून आपण हसलो होतो. दहा सेकंदांत तेवढं अंतरही जाववत नाही, म्हातारे झालात, असं म्हणालो होतो. तोही हसला होता.

त्यांनी तिसरा फोटो घेतला, रेषा ओढली, नवऱ्याच्या उंचीचे सदुसष्ट इंच पाडले आणि साठ इंचांची, म्हणजे पाच फुटी, भिंत उभी केली. भिंत रेषेला टेकेना. जवळजवळ तीन इंच खालीच राहिली.

असं कधी झालं नव्हतं. वहिनींना वाटलं, तिकाटणं चुकून उंच लागलं असेल. शेजारच्या घराचं मागचं दार फोटोत होतं, सात फुटी. ते मोजलं. रेषा बरोबर पाच फुटांवर जात होती. मग वाटलं, नवरा खड्ड्यात उभा असेल. फोटो मोठा करून पावलं बघितली. बूट सपाट जमिनीवर, पूर्ण दिसत होते.

मग त्यांनी पावलांवरून नजर वर नेली. नेहमी ही रेषा त्याच्या ओठांवरून जायची. आज ती डोळ्यांवरून जात होती.

त्यांनी परत मोजलं. पाच फूट चार इंच.

मणके खचत होते. तेव्हाच, त्या प्लॉटवर, डॉक्टरकडे जायच्या आधीच. तीन इंच माणूस कमी झाला होता. तो रोज समोर बसून जेवत होता, याच टेबलाशी शेजारच्या खुर्चीत बसत होता. पाठ जरा धरलीय, एवढंच म्हणायचा. आणि वहिनी काय म्हणायच्या? "पोक काढून बसू नका. ताठ बसा जरा." दिवसातून दहादा म्हणायच्या. तोही बिचारा टेबलाला हात लावून ताठ व्हायचा प्रयत्न करायचा. लोकांच्या भिंतीतला इंचाचा फरक ज्या बाईला खोलीच्या दारातून दिसतो, तिला हे दिसलं नव्हतं. वहिनी कीबोर्डवर डोकं टेकवून रडल्या. पाच महिन्यांत इतक्या रडल्या नव्हत्या.

दुपारी त्यांनी काम पुरं केलं. दुसरं काय करणार? भिंत रेषेला टेकवली. फाटक बारा फुटी बसवलं. झाडं लावताना असतील आठ फुटी, पाच वर्षांनी होतील पंधरा, म्हणून जमिनीपासून रेषेपर्यंतच्या अंतराच्या तिप्पट केली आणि खाली "पाच वर्षांनंतर" असं लिहिलं. उन्हाची दिशा बघून सावल्या टाकल्या. नवरा तेवढा राहिला, फाटकाशेजारी.

संध्याकाळी बिल्डर आला. माणूस वाईट नव्हता. नवरा दवाखान्यात होता तेव्हा दोन रात्री बाकावर बसून काढल्या होत्या त्यानं. स्क्रीनवर भाऊ दिसल्यावर तो खुर्ची ओढून जवळ बसला.

"राहू द्या त्यांना, वहिनी," तो म्हणाला. "पुसू नका. फलकावर लावीन मी, मोठा. तेवढीच आठवण."

वहिनींना भरून आलं. त्याला असं फोटोत राहता येईल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. रस्त्यावरून येताजाता दिसला असता.

"फक्त एक करा," बिल्डर चाचरत म्हणाला. "फाटक आणि भाऊ, दोन्ही थोडे लहान घ्या. दहाला एक कमी. कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि प्लॉट जरा मोकळा दिसेल."

वहिनींनी माउसवरचा हात काढून घेतला.

"आधीच तीन इंच कमी झालेत ते," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यानं आणखी नाही होणार."

बिल्डरला त्यातलं काही कळलं नाही. पण त्यांचा चेहरा बघून तो उठला. "तुम्ही द्याल तसं घेऊन जातो," म्हणाला आणि बाहेर जाऊन थांबला.

वहिनींनी मूळ फोटोची एक प्रत वेगळी ठेवली. तिच्या नोंदीत उंचीच्या जागी वर्षानुवर्षं पाच फूट सात इंच आपोआप यायचं, ते खोडून पाच फूट चार लिहिलं. मग गिऱ्हाइकाच्या फोटोवर आल्या. फलकावर ठेवला तर आज ना उद्या कुणीतरी त्याला लहान करणारच. आधी सावली पुसली. मग बूट, मग पँट, मग तो शर्ट, ज्याची कॉलर त्यांनीच उलटवून शिवली होती. मागून भिंत पुढं येत गेली. खांद्यांपाशी त्यांचा हात थांबला. खांदे वर ओढून धरले होते त्यानं, आता दिसत होतं. भिंत बरोबर मोजली जावी म्हणून ताठ उभं राहायची धडपड चालली होती.

"राहू द्या आता," वहिनी हळूच म्हणाल्या. "नका ताठ उभे राहू."