चौसष्ट तुकड्यांचे सहा काप

बुऱ्हाणपुरात सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसलेला आणि चुडामण महाजन सरांच्या शिव्या न खाल्लेला माणूस शोधून दाखवा, मी त्याला मावा जिलेबी खाऊ घालीन. शिव्या म्हणजे तशा नव्हेत हो. "अरे गाढवा, डोकं काय फक्त टोपी घालायला दिलं का देवानं?" एवढंच. सर रीझनिंग शिकवतात. दिशा, घड्याळ, नातेसंबंध सगळंच, पण त्यांचा जीव ठोकळ्यात. ठोकळा कापा, केक कापा, ओंडका कापा आणि तुकडे मोजा, हा धडा आला की सर घरून कपडे धुवायच्या साबणाची वडी आणि सुरी घेऊनच निघायचे.

याला कारण होतं. सर मूळचे डोईफोडियाचे, शेतकऱ्याचं पोर. पंचवीस वर्षांपूर्वी रेल्वेच्या परीक्षेला बसले, तर प्रश्न आला की एका ओंडक्याचे दहा तुकडे करायला किती काप लागतील? सरांनी बेधडक लिहिलं, दहा. कारण घरी ऊस तोडताना आधी शेंड्याचं वाढं उडवायचं, मग कांडकी पाडायची. दहा कांडक्यांना दहा घाव लागतातच! ओंडक्याला शेंडा नसतो, उत्तर नऊ, हे बाहेर आल्यावर कळलं. त्या एका मार्कानं रेल्वे हुकली आणि सर चिडून शिकवायलाच लागले. सासरे म्हणायचे, "जावईबापूंची नोकरी उसानं खाल्ली."

पण माणूस खुशीत होता. शनवारा दरवाज्याजवळ क्लासचा हॉल, घरी सोजरबाईंच्या हातची कळण्याची भाकर, आणि दरवर्षी पाच-पन्नास पोरं पोलीस, पटवारी होऊन पेढे घेऊन यायची. आणखी काय पाहिजे? शिवाय सर वर्षातून एकदा चाळीस पोरांची फुकट बॅच घ्यायचे. तिच्यासाठी स्वतः पेपर काढायचे. त्यात पर्याय नसत, उत्तर लिहायचं. "पर्याय दिले की पोरं तुक्का मारतात," असं ते म्हणायचे. आणि एक गोष्ट छातीवर हात मारून सांगायचे, की वीस वर्षांत माझ्या पेपरात एक चूक निघाली नाही.

यंदा दोनशे अकरा पोरं बसली. शनिवारी सकाळी चाळीस नावांची यादी दारावर लागली आणि दुपारी एक मुलगी हॉलमध्ये आली. सडपातळ, अंगठ्याला चिकटपट्टी, हातात मागून घेतलेली स्वतःची उत्तरपत्रिका.

"सर, मी रश्मी. चांदनीहून येते. एका मार्कानं राहिली."

"मग पुढच्या वर्षी एक मार्क जास्त आण."

"पुढच्या वर्षी नाही जमायचं सर. पप्पा मिलमधून रिटायर झाले, आता इथल्याच एका प्रेसमध्ये कागद कापतात. मी त्यांच्या हाताखाली असते. फीच्या क्लासला घरी पैसे नाहीत. ही बॅच मिळाली तर पोलीस भरतीची तयारी, नाही तर प्रेस. पप्पांनी साफ सांगितलंय." मग तिनं उत्तरपत्रिका पुढं केली. "सतरावा प्रश्न बघा ना. मला चुकीचा दिलाय."

सतरावा म्हणजे सरांचा लाडका: एका ठोकळ्याचे चौसष्ट सारखे छोटे ठोकळे करायला कमीत कमी किती काप लागतील? उत्तर नऊ. उभे तीन, आडवे तीन, बाजूनं तीन. प्रत्येक दिशेला तीन कापांनी चार भाग, आणि चार चोक सोळा, सोळा चोक चौसष्ट. पोरीनं लिहिलं होतं सहा.

"सहा?" सर हसले. "सहा कापांत सत्तावीस होतात बाई. दोन, दोन, दोन. चौसष्ट कुठून आणले, प्रेसमधून?"

"हाव सर, प्रेसमधूनच," ती गंभीरपणे म्हणाली. "आम्ही कापलं की तसंच नाही ठेवत. कापलेल्या थप्प्या एकमेकांवर रचतो, मग पातं खाली. एका कापात दोन्ही कापल्या जातात. सारखं सारखं पातं कोण पाडेल?"

आता खरं सांगायचं तर सरांना इथंच खटकलं होतं. पण वीस वर्षांची सवय, आणि समोर दोन-चार पोरं कान टवकारून उभी. सर कडाडले, "ठोकळा म्हणजे कागदाची रद्दी नाही! नऊ म्हणजे नऊ. चल, निघ."

पोरगी रडली नाही, भांडली नाही. "बरं सर," म्हणून उत्तरपत्रिकेची नीट चौपट घडी घातली आणि गेली. ती भांडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

रविवारी सोजरबाईंनी भाजीसाठी पनीर आणलं. त्या आंघोळीला गेल्या आणि सर स्वयंपाकघरात शिरले. पनीरच्या कडा छाटून चांगला चौकोनी ठोकळा केला. एक काप मधोमध. दोन अर्धे शेजारी शेजारी ठेवले, दुसरा काप दोघांवरून एकदमच. झाले चार पातळ थर. थर एकावर एक रचून फिरवले, तिसरा काप. अर्धे पुन्हा शेजारी, चौथा. समोर सोळा कांड्या होत्या. पाचवा काप, बत्तीस. घाईत सहावा जरा वाकडा गेला, पण गेला. मग ताटात मोजायला बसले. आठ-आठच्या रांगा लावल्या. आठ रांगा झाल्या.

"अहो, भाजी करायचीय की रांगोळी?" ओल्या केसांनी सोजरबाई दारात.

सरांनी सगळं सांगितलं. सोजरबाईंनी पदरानं तोंड दाबलं, पण हसू काही दबलं नाही. "तुमचा ऊस आणि तिचा कागद! ज्याच्या हाताला जे काम, तसंच त्याचं डोकं चालणार. तुम्ही पेपरात लिहिलं होतं का, तुकडे हलवायचे नाहीत म्हणून?"

"ते काय लिहायचं असतं? सगळ्यांना माहीत असतं!"

"तिला नव्हतं ना."

घरातलं माणूस खरं बोललं की लागतं, आणि भाजी मात्र गोडच लागते. जेवण झाल्यावर दोघांनी उरलेल्या दोनशे दहा उत्तरपत्रिका पुन्हा काढल्या. सतराव्याला सहा लिहिणारं दुसरं कुणी आहे का, बघायला नको? उद्या एकीला मार्क द्यायचा आणि दुसऱ्याला नाही, असं सरांना चाललं नसतं. शंभराहून जास्त जणांनी नऊ लिहिलं होतं, पुष्कळांनी सोळा, एका महाभागानं चौसष्ट. सहा एकानंही नाही.

पण सरांना आणखी एक किडा चावत होता. आज सहा निघाले. उद्या कुणी पाचात करून दाखवले तर? रात्री ताटलीतला उरलेला तुकडा घेऊन त्यांनी दोनदा खटपट केली आणि नाद सोडला.

सोमवारी त्यांनी निरोप पाठवून रश्मीला बोलावलं. हॉल भरला होता. सर फळ्याजवळ उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "सतरावा प्रश्न चुकला."

"कोणाचा सर?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझा."

सरांनी फळ्यावर लिहिलं: तुकडे न हलवता, नऊ. तुकडे हलवायची मुभा असेल तर, सहा. "मी पहिले तीन शब्द लिहायला विसरलो. वीस वर्षं विसरलो. या मुलीनं ते मनानं जोडले नाहीत, कारण तिला कुणी ते शब्द सांगितलेच नव्हते. दोन्ही उत्तरं बरोबर." मग रश्मीकडं वळून ते जरा हळू आवाजात म्हणाले, "मला एक सांग. पाचात का होत नाही?"

"सर, एका कापानं एका तुकड्याचे दोनच होतात. सगळे तुकडे पात्याखाली आले तरी दुप्पटच. एकाचे दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस. पाच कापांत बत्तीसच्या वर जाताच येत नाही. चौसष्टला सहा लागणारच."

इतकं सोपं! सरांनी कपाळावर हात मारून घेतला. रात्री एवढं पनीर चिवडलं आणि हे सुचलं नाही. पण गुरू तो गुरू. त्यांनी साबणाची वडी टेबलावर ठेवली. "वा! मग प्रत्येक बाजूनं तीन भाग, असे सत्तावीस ठोकळे करायला किती? हलव पाहिजे तसे."

"पाच!" अख्खा हॉल ओरडला. "बत्तीसच्या आत आहे!"

रश्मीही पाच म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. मग तिनं साबण उचलला, बोटानं त्यावर रेघा ओढल्या, आणि तिचं बोट मधोमध थांबलं. सर डोळे मिचकावून बघत होते.

"नाही सर. सहाच. मधला तुकडा सगळीकडून आत असतो. त्याच्या सहाही बाजू कापूनच निघतात. आणि एका कापात त्याची एकच बाजू मोकळी होते. मग थप्पी कशीही रचा."

"शाब्बास गं माझी वाघीण!" सर इतक्या मोठ्यानं ओरडले की खालच्या दुकानदारानं मान वर काढून पाहिलं. त्यांना मनापासून आनंद झाला होता. चूक निघाल्याचा माणसाला एवढा आनंद होऊ शकतो, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटत होतं.

त्यांनी यादी मागवली आणि चाळीसच्या खाली स्वतःच्या अक्षरात एक्केचाळिसावं नाव लिहिलं. चाळिसाव्या पोराचे आणि रश्मीचे मार्क आता सारखे झाले होते, त्यामुळं कुणाला काढायचा प्रश्नच नव्हता.

"सर, तुमचे लई उपकार झाले," ती म्हणाली. आता मात्र तिचे डोळे भरले होते.

"उपकार कसले? तुझा मार्क आहे. मला मोजायला दोन दिवस लागले, एवढंच. घरी कळव आधी."

तिनं तिथंच फोन लावला. घाईत बोट लागून स्पीकर चालू झाला आणि सगळ्यांना पलीकडचं मशीन ऐकू आलं, धाड, धाड, पातं पडत होतं.

"पप्पा, बॅचमध्ये नाव लागलं!"

"काय? थांब बेटा, थांब," पलीकडून तिचा बाप मोतीराम ओरडला. मशीन घरघरत थांबलं.

"हां. बंद केली मशीन. आता सांग. परत सांग."