एकाच मगात चार कॉफ्या

मशीनपुढची जागा मला आवडायची, कारण तिथं उभं राहिलं की गिऱ्हाइकांकडे पाठ असायची. लातुरात क्लासेसच्या भागात आमचं कॅफे होतं. मी नांदेडची, इथं कुणाच्या ओळखीची नाही. मालकांनी मला घेतलं ते इंग्रजी वाचता येतं म्हणून. मशीनचं जाडजूड पुस्तक त्यांच्याच्यानं वाचवत नव्हतं. काउंटरवर मात्र पहिल्याच आठवड्यात माझी वाचा गेली होती. कुणी मोठ्यानं काही विचारलं की कान गरम व्हायचे, मराठी शब्द आठवायचे नाहीत आणि इंग्रजी तोंडातून निघालं तर समोरचा म्हणायचा, "ताई, लई शिकलेल्या दिसता." तेव्हापासून काउंटर मालक सांभाळायचे आणि मी मशीन.

पुण्याच्या ज्या कंपनीचं नाव आमच्या पाटीवर होतं, तिथून एक मॅडम तपासायला येणार असं कळलं तेव्हा मालक आधी नुसते हसले. मग म्हणाले, "तू करून राहिली ना सगळं? तर तूच दाखव. न्हाई जमलं तर तू काउंटरला ये, मशीनला दुसरं कुणी बघू."

त्या दिवसापासून मी रोज रात्री मशीनचं पुस्तक उघडून बसू लागले. कारण आमच्याकडे काय चालतं ते मला माहीत होतं.

कंपनीनं चार मापांची भांडी पाठवली होती. मालकांनी ती बघून कपाळाला हात लावला होता. "एवढासा कप दिला तर मानसं म्हणतील, पाहुणचार केला का भीक घातली?" आपल्याकडे कप काठोकाठ भरून, बशीत सांडेल असा द्यायचा, अर्धवट कप म्हणजे समोरच्याचा अपमान. म्हणून त्यांनी लातेचा मोठा मग तेवढा ठेवला आणि मेन्यूवरच्या चारही कॉफ्या, कोर्टाडो, फ्लॅट व्हाइट, कॅपुचिनो आणि लाते, त्याच मगातून जाऊ लागल्या. कॅपुचिनो मागितली तर वर चमच्यानं जरा जास्त फेस टाकायचा, बस. कोर्टाडोचे छोटे काचेचे ग्लास काउंटरवर बडीशेप ठेवायला वापरात होते.

मॅडम सकाळी आल्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. हळू बोलायच्या, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"आधी कोर्टाडो करा."

मी बडीशेपेचा ग्लास रिकामा केला. धुतला, परत धुतला, तरी वास जाईना. त्यांनी तो नाकाशी धरला आणि माझ्याकडे परत दिला. मालक गल्ल्यामागून खोकले.

कॉफी काढली. कोर्टाडोत जितकी कॉफी तितकंच दूध, आणि फेस जवळजवळ नाही. म्हणून दुधात हवा अगदी नावाला घ्यायची. वाफेच्या नळीचं टोक दुधाच्या वरच्या थराला लागलं की कागद फाडल्यासारखा बारीक आवाज येतो. तो आवाज जितका वेळ चालेल तितका फेस. मग टोक खाली बुडवून दूध गरगर फिरवायचं आणि दुधाचा जग तापून हातात धरवेनासा झाला की वाफ बंद. पुस्तकात वाचून मी हे रोज मनातल्या मनात करत आले होते, पण हाताला सवय होती ती एकाच मगाची. मी आवाज येताक्षणीच टोक बुडवलं आणि कोर्टाडो मॅडमसमोर ठेवली.

फ्लॅट व्हाइटला जरा मोठा कप, कॉफीच्या साधारण दुप्पट दूध, वर फेसाचा पातळ, चकचकीत थर. तो जमला. मॅडमनी चमच्याच्या पाठीनं थर बाजूला सारून पाहिला आणि नुसती मान हलवली. ती होकाराची होती का, कळलं नाही.

"आता कॅपुचिनो."

नेमके त्याच वेळी अप्पा आत आले. अप्पा म्हणजे आडतीचं दुकान मुलाकडे सोपवून रोज आमच्याकडे बसणारे म्हातारे गृहस्थ. ते दारातूनच ओरडले, "माय, माझी कॅपुचिनो टाक गं!"

मॅडम म्हणाल्या, "छान. यांचीच करा."

मालक मॅडमच्या पाठीमागून मला डोळ्यांनी मोठा मग दाखवत होते. मग हळूच हातानंही. अप्पा नाराज झाले तर चार टेबलं नाराज होतात, हे मलाही ठाऊक होतं. मोठा मग घेतला तर मॅडम नापास करणार, लहान कप घेतला तर मालक. दोन्हीकडून काउंटरच.

मी लहान कप घेतला, फ्लॅट व्हाइटच्या कपाहून जरासाच मोठा. दोन्ही कॉफ्यांत खरा फरक फेसाचा. नळीचं टोक वर जास्त वेळ धरलं, दूध जगात फुगून आलं. कॉफीवर ओतलं तेव्हा फेस बोटभर जाड झाला.

अप्पांनी कप उचलून खालून-वरून पाहिला. "हे काय? दुष्काळ पडलाय का?"

कुणीतरी हसलं. अप्पांनी घोट घेतला. मिशीला फेस लागला. "कडू हाय. आन् नुसता फेस. हे न्हाई माझं. माझं नेहमीचं दे."

मालक लगेच, "हाव अप्पा, देतो, देतो. पोरगी नवी हाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "काय झालं ते त्यांना सांगा."

सगळे माझ्याकडेच बघत होते. कान पेटले. पळून मागच्या दारानं बाहेर जावं असं वाटलं. मग माझाच आवाज मला ऐकू आला, किरटा, लहान मुलीसारखा.

"अप्पा, तुम्ही रोज पिता ती कॅपुचिनो नाही. ती लाते आहे. लातेत कॉफी तेवढीच, पण दूध खूप जास्त, म्हणून कडू लागत नाही. फेसही पातळ. तुम्हाला दूध आवडतं. मग मोठा मगच बरोबर आहे, फक्त... फक्त नाव दुसरं आहे."

मला वाटलं, आता अप्पा मालकांवर भडकणार. इतके दिवस आम्ही त्यांना भलतंच नाव सांगून पाजलं, हे मी भर दुकानात सांगून बसले होते.

"म्हणजे मी इतके दिवस सगळ्यांना कॅपुचिनो, कॅपुचिनो सांगत फिरलो?" अप्पा म्हणाले. मग मालकांकडे वळून, "ह्या माणसानं एकदा तरी सांगितलं का? लाते तर लाते. दे एक. आन् हा फेसही इथंच राहू दे, पितो."

मी लाते केली. मोठा मग, भरपूर दूध, वर पातळ फेस. ती माझ्या सवयीची होती.

मॅडम जाताना मालकांशी बोलल्या. मी भांडी धूत ऐकत होते. चारही मापं बरोबर आहेत, म्हणाल्या. आजपासून चार कॉफ्या चार भांड्यांत. मला हायसं वाटलं, अगदी क्षणभर.

"पण लोक कप बघून विचारणारच," त्या पुढे म्हणाल्या. "त्यांना समजावून सांगणारं कुणी काउंटरला हवं. हिला उभी करा. छान सांगितलं हिनं."

मालक खुशीत म्हणाले, "हाव, मशीन मी शिकतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटरवर उभी होते. मागे मालकांच्या हातात वाफेची नळी किंचाळत होती. दार उघडलं आणि क्लास सुटलेल्या पोरांचा घोळका आत आला. सगळ्यात पुढचा मेन्यूवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणाला, "ताई, ह्या चारांत फरक काय हाय?"

मी गल्ल्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि सुरुवात केली.